सहा टक्के बुडाले तर तुमचे किती बुडतील?

प्रश्न : वय 63. अक्कलकोट रोडवरचं यंत्रमागाचं शेड विकून 20 लाख आले. एजंट म्हणतो, दुचाकी आणि बचतगटांच्या कर्जांच्या पूलमधला ज्युनियर ट्रान्च घ्या, 15 टक्के मिळतील. 94 टक्के वसुली होते, म्हणजे फार तर 6 टक्के जातील. आम्ही पाच जण मिळून एक कोटी त्याच्या नावावर भरणार आहोत. 50 हजार टोकन दिलं. व्याज दरमहा घ्यावं की तिमाही? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : व्याज कधी घ्यायचं हे ठरवायची वेळ बहुधा येणारच नाही. ज्युनियर ट्रान्च म्हणजे एकत्र बांधलेल्या कर्जांतला सगळ्यात शेवटी पैसे मिळणारा गुंतवणूकदारांचा हिस्सा. कर्जदारांचे हप्ते जमले की हा पूल सांभाळणारा ट्रस्टी आधी खर्च भागवतो, मग सीनियर ट्रान्चचं देणं देतो आणि उरलं तरच ज्युनियरकडे वळतो. वसुली अडली की पहिलं थांबतं ते तुमचंच व्याज.

आता त्या सहा टक्क्यांकडे या. समजा पूल 100 कोटींचा आहे. त्यात सीनियर 88, ज्युनियर 7, आणि सगळ्यात खाली कर्ज देणाऱ्या कंपनीचे स्वतःचे 5. तोटा वाटून घेतला जात नाही, तो खालून वर चढतो. 6 कोटी बुडाले तर कंपनीचे 5 जातात आणि उरलेला एक कोटी ज्युनियरच्या सातांतून. म्हणजे तुमचे 1 लाख 20 हजार नाहीत, जवळपास 3 लाख. वर्षाचं व्याज साफ. 9 कोटी बुडाले तर तुमचे साडेअकरा लाख गेले. 12 ला तुम्ही शून्यावर, आणि सीनियरवाल्याच्या मुद्दलाला तोवर खरचटलेलंही नसतं. कर्जदारांकडून जास्त दराने येणारं व्याज आधी थोडा तोटा झेलतं, ते इथे धरलेलं नाही; पण वसुलीच थांबली की तेही आटतं. आणि अशी कर्जं एकेक करून बुडत नाहीत. 2016 च्या नोटाबंदीनंतर आपल्याच राज्यात लघुवित्ताची वसुली एकदम कोसळली होती. 94 टक्के हा चांगल्या काळातला आकडा असेल, तर त्यावर 15 टक्क्यांची स्वप्नं कशाला?

याहून मोठी चूक 'त्याच्या नावावर' या शब्दांत आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या नियमांनुसार पूलमधल्या हिश्श्याच्या अशा सर्टिफिकेटमध्ये किमान गुंतवणूक एक कोटीची लागते, म्हणून ही पाच जणांची मोट. सर्टिफिकेट एजंटच्या डीमॅटमध्ये असेल, तर ट्रस्टीच्या दफ्तरी गुंतवणूकदार तोच. पैसे त्याच्या खात्यात येणार, वसुलीचा मासिक अहवाल त्यालाच मिळणार. थकबाकी वाढतेय हे तो सांगेल तेव्हाच तुम्हाला कळेल, आणि त्याने सांगितलं नाही तर तुम्ही ट्रस्टीकडे कोणत्या कागदावर दाद मागणार?

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 20 लाख बसतात. 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 41 हजार येतील. टोकन आजच लेखी मागा, आणि परत घ्याल ते बँक खात्यातच घ्या. रोख किंवा 'दुसऱ्या स्कीममध्ये वळवतो' यावर मान डोलवू नका.