डॉक्टर व्हायचंय, मग अकरावीत गणित ठेवायचं की सोडायचं?

विचारणा: मुलगी स्टेट बोर्डातून दहावी झाली, ८९ टक्के. विज्ञानात चांगली आहे, गणितात १०० पैकी ७१. डॉक्टरच व्हायचं म्हणते. क्लासवाले म्हणतात गणित सोडा. दीर म्हणतात ठेवा, मेडिकल नाही मिळालं तर इंजिनिअरिंग तरी होईल. एक ओळखीचे म्हणतात कॉम्प्युटर सायन्स घ्या, गुण पडतात. आमच्या घरात सायन्सला गेलेलं कुणी नाही. काय करावं?

उत्तर:

ताई, कॉम्प्युटर सायन्सचं आधी निकालात काढू, कारण खरा खड्डा तिथे आहे. आपल्या बोर्डात तो बायफोकल विषय आहे, २०० गुणांचा. तो दुसऱ्या भाषेची जागा घेतो आणि शिवाय आणखी एका विषयाची. हा दुसरा विषय बहुतेक मुलांच्या बाबतीत जीवशास्त्र असतो. मी बावीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते आहे. दर एक-दोन वर्षांनी एखादे पालक बारावीच्या मध्यावर येतात आणि विचारतात, "मॅडम, आता नीट द्यायचीय, बायो कसं घेता येईल?" आता बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून देऊनही मेडिकलच्या नीट या प्रवेशपरीक्षेला बसता येतं, पण प्रॅक्टिकलसकट एक विषय मागाहून उभा करायचा म्हणजे वर्ष जातंच. आयटी हा वेगळा विषय आहे, १०० गुणांचा, दुसऱ्या भाषेच्या जागी बसणारा. तो घेतला तर काही बिघडत नाही. नावं सारखी वाटतात, म्हणून प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर नीट विचारून घ्या.

आता गणित. नीटमध्ये गणित नाही. १८० प्रश्नांत जीवशास्त्राचे ९०, भौतिकशास्त्राचे ४५ आणि रसायनशास्त्राचे ४५. एमबीबीएसच्या प्रवेशालाही बारावीचं गणित लागत नाही. इंग्रजी पास हवं आणि भौतिक, रसायन, जीव या तिन्हींत मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के, राखीव वर्गाला ४० टक्के. म्हणजे डॉक्टर होण्यासाठी गणित नकोच. प्रश्न उरतो तो तुमच्या दिरांचा, हाताशी असावं म्हणून ठेवायचं का, हा.

त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, अर्धवट आहे. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतंच. 'बायोमेडिकल'च्या नावात बायो आहे म्हणून गणिताशिवाय चालेल असं समजू नका. पण गणित ठेवलं म्हणजे इंजिनिअरिंग हाताशी आलं असंही नाही. त्यासाठी एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेचा पीसीएम गट द्यावा लागतो. तो २०० गुणांचा असतो. त्यात भौतिक ५०, रसायन ५० आणि गणित एकटं १००, कारण गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण.

तुमच्या मुलीच्या जागी एक मुलगी धरा. नीटच्या अभ्यासामुळे तिचे भौतिकचे ३० आणि रसायनचे ३२ प्रश्न बरोबर येतात. गणित तिने फक्त पास होण्यापुरतं केलंय, म्हणून ५० पैकी १५ प्रश्न बरोबर, म्हणजे ३० गुण. बेरीज ९२. हीच मुलगी पीसीबी गट देते तेव्हा भौतिक आणि रसायन तेच, पण जीवशास्त्राचे १०० पैकी ७५ येतात, कारण दोन वर्षं तेच वाचलंय. बेरीज १३७. दोन्ही गटांचं पर्सेंटाइल वेगवेगळं निघतं, त्यामुळे हे आकडे एकमेकांशी थेट ताडून पाहू नका. पण मुद्दा लक्षात आला असेल. जेमतेम ओढलेलं गणित कागदावर पर्याय असतं, प्रवेशाच्या यादीत नसतं.

आणि ते ओढायचं म्हणजे बोर्डाला ८० गुणांची लेखी आणि २० गुणांची अंतर्गत परीक्षा, आठवड्याचे तास, घरचा सराव. हा वेळ बहुतेक वेळा भौतिकशास्त्रातून कापला जातो, कारण जीवशास्त्र मुलांना आवडतं आणि भौतिक नकोसं असतं. माझ्या भाचीचं असंच झालं. चारही विषय घेतले होते. अकरावीच्या दिवाळीपर्यंत तिची गणिताची वही भरलेली आणि भौतिकची गणितं कोरी. नीटला जीवशास्त्र छान गेलं, भौतिकने पाडलं.

म्हणून माझा सल्ला असा. गणिताचे ७१ हे वाईट नाहीत, पण हे गुण तिने कसे मिळवले ते बघा. गणित सोडवायला बसते की टाळते? इंजिनिअरिंगला, आर्किटेक्चरला किंवा आयसरसारख्या संस्थेत संशोधनाला जायला ती मनापासून तयार असेल, तर चारही विषय घ्या. आयसरच्या चाचणीत ६० प्रश्नांपैकी १५ गणिताचे असतात, तिथे चारही विषय शिकलेल्या मुलाला खरा फायदा होतो. "मेडिकल नाही तर वैद्यकीय क्षेत्रातलंच काहीतरी" असं ती म्हणत असेल, तर गणित सोडा. त्या वाटा गणितावर अवलंबून नाहीत. दंतवैद्यक, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी आणि पशुवैद्यक यांचे प्रवेश नीटच्याच गुणांवर होतात. बी.फार्म आणि कृषी पदवीला पीसीबी गटाची सीईटी चालते. बीएस्सी नर्सिंगची सीईटी वेगळी असते, तिचा फॉर्म विसरू नका. नीटच्या गडबडीत तो हमखास राहतो.

पशुवैद्यकाकडे पालक नाक मुरडतात. पण साडेपाच वर्षांची ती पदवी आहे, आणि माझ्या विद्यार्थ्यांपैकी तिकडे गेलेली मुलं समाधानी दिसली. तिला एकदा जवळच्या गुरांच्या दवाखान्यात अर्धा दिवस उभं करा, मग ठरवा.

गणित सोडलं तरी विषय सहा पूर्ण करावे लागतात. इंग्रजी, दुसरी भाषा किंवा आयटी, तीन शास्त्रं आणि आणखी एक. आमच्याकडे मुली बहुधा भूगोल घेतात. तुमच्या महाविद्यालयात त्या जागी काय मिळतं ते प्रवेशाआधीच विचारा.

गणित सोडणाऱ्यांना भौतिक जड जातं ते एका धड्यापायी. अकरावीच्या भौतिकच्या पुस्तकात दुसरा धडा 'गणितीय पद्धती' आहे. त्यात सदिश आणि विकलन-संकलनाची तोंडओळख आहे. शिक्षक तो आठवड्यात उरकतात, कारण गणिताच्या तासाला होईलच असं धरलेलं असतं. गणित नसलेल्या मुलीला तो कुणी परत शिकवत नाही. कॉलेज सुरू होण्याआधी तीन आठवडे त्यालाच द्या, सोबत त्रिकोणमिती आणि लॉगॅरिदम. लॉग पुढे रसायनातही लागतो, पीएच काढताना.

आणखी एक. क्लासवाल्यांनी राजस्थानातल्या एखाद्या शाळेत नाव घालून तिथेच बारावी करायचं सुचवलं, तर थांबा. राज्याच्या ८५ टक्के कोट्यातून एमबीबीएस हवं असेल, तर डोमिसाइलबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. काही सरकारी नोकरांच्या मुलांना सवलत आहे, बाकीच्यांना नाही. शिकवणी कुठेही लावा, बारावीचा फॉर्म इथल्याच कॉलेजातून भरा.

तुमच्या गावातल्या कॉलेजात सहाव्या विषयाला काय पर्याय आहेत ते कळलं की इथेच लिहा, त्यावरून पुढचं सांगते.