एक फुटाचा खोका पुरत नाही, छत्तीस फुटांचं अंतर पुरतं

प्रश्न : मुलांना शाळेत सूर्यग्रहण दाखवायचं आहे, पण ग्रहणाचे चष्मे मिळणार नाहीत. खोक्याला भोक पाडून खरंच काही दिसतं का? कुणी स्वतः करून पाहिलंय का?

दिसतं. पण भोकापासून पडदा किती लांब आहे यावर सगळं ठरतं. हे मला माझ्याच वर्गातल्या एका मुलाने शिकवलं, म्हणून त्याचीच गोष्ट सांगते.

इंदूरहून देपालपूरच्या रस्त्याला एका गावात मी तेव्हा गणित-विज्ञान शिकवत होते. रोज रामबागेतून निघून बसने जायचे. वर्गात बाकी सगळी मुलं माळवी बोलणारी, मराठी घरातला एकच. सातवीत होता. त्याचं खरं नाव लिहीत नाही, घरी बाळू म्हणत, तेच वापरते. १५ जानेवारी २०१० ला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सूर्यग्रहण होतं. कंकणाकृती दिसणार होतं ते रामेश्वरम, कन्याकुमारीकडे, आमच्याकडे खंडग्रास. स्पर्श साडेअकराच्या सुमारास, मध्य दीडच्या आसपास, म्हणजे ऐन शाळेच्या वेळेत.

आठवडाभर आधी बाळू जोड्याचा खोका घेऊन आला. एका बाजूला खिळ्याने पाडलेलं भोक, समोरच्या बाजूला आतून चिकटवलेला पांढरा कागद, आणि बाजूने डोकावायला फट. उन्हात धरल्यावर कागदावर छान गोल ठिपका पडला.

"बाई, सूर्य दिसला!"

मी विचारलं, "हा सूर्य कशावरून? तुझं भोकही गोलच आहे."

तो गप्प झाला. आणि हीच खरी अडचण आहे, तुम्हालाही येईल. ग्रहण लागेपर्यंत सूर्य गोलच असतो. तुमच्या यंत्रात दिसतोय तो सूर्य की नुसता भोकातून आलेला उजेड, हे तालमीच्या दिवशी कळायला मार्ग नाही. कळेल ते ग्रहणाच्या दिवशी, आणि तेव्हा दुरुस्त करायला वेळ नसेल.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच उपाय घेऊन आला. गोल भोकावर पत्र्याचा तुकडा लावून त्यात त्याने तिकोनी भोक कापलं होतं. खोक्यातला ठिपकाही तिकोनी झाला होता. चेहरा उतरलेला. मी म्हटलं, अरे, तू फार मोठी गोष्ट शोधली आहेस. तिकोनी भोकातून तिकोनी ठिपका पडला तर ते भोकाचं चित्र. तिकोनी भोकातून गोल ठिपका पडला तर तो सूर्य. आता गोल येईपर्यंत कागद मागे नेत जा.

मग आम्ही हिशेब मांडला. आकाशात सूर्य अंदाजे अर्ध्या अंशाचा दिसतो. त्यामुळे भोकातून पडणाऱ्या त्याच्या चित्राचा व्यास अंतराच्या साधारण १०८ व्या भागाइतका येतो. १०८ इंच म्हणजे बरोबर ९ फूट. म्हणून दर ९ फुटांना १ इंच, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. बाळूचा खोका एक फुटाचा, म्हणजे त्यातला सूर्य इंचाचा नववा भाग, जेमतेम ३ मिलिमीटर. आणि खिळ्याचं भोक ५ मिलिमीटरचं! सूर्यापेक्षा भोकच मोठं. अशा खोक्यात ग्रहणाचा चावा दिसणारच नाही, कारण चित्राची कड भोकाच्या रुंदीइतकी पुसट होते. खोक्यात टाचणीचं भोक पाडलं तर चावा दिसतो, पण तीन मिलिमीटरच्या सूर्यात, आणि एका वेळी एकालाच. आमच्या वर्गात ४१ मुलं होती.

"मग खोलीच खोका करू या," बाळू म्हणाला. वर्ग अठरा फूट लांब, दार उत्तरेला. पण जानेवारीत दुपारी सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर. दारातून ऊन येणार कसं? त्याने मामाच्या दाढीचा साधा सपाट आरसा आणला. व्हरांड्याच्या छपराची सावली जिथे संपते, त्याच्या थोडं पुढे पाण्याच्या टाकीचा छातीएवढा कठडा होता. त्यावर आरसा ठेवून त्याने ऊन दारातून आत फळ्याच्या भिंतीवर टाकलं. आरशापासून भिंत मोजली तर ३६ फूट. म्हणजे ४ इंचांचा सूर्य.

पहिल्यांदा आठ इंचांचा पांढरा डाग पडला. का, ते त्याने न सांगता ओळखलं: अख्खा आरसा म्हणजे चार इंचांचं भोक. मग जाड काळ्या कागदात ऑफिसातल्या पंचिंग मशीनने सुमारे ६ मिलिमीटरचं एकच भोक पाडलं आणि तो आरशावर चिकटवला. आता डाग चार इंचांवर आला, कड बऱ्यापैकी रेखीव. तरीही त्याने दुसरा कागद घेऊन तिकोनी भोक कापलं आणि लावून पाहिलं. भिंतीवर गोलच! तो धावत आत आला, पाहिलं, परत बाहेर जाऊन आरशावर तिकोनच आहे ना याची खात्री केली, आणि पुन्हा आत आला. त्याचा तो चेहरा मला अजून दिसतो.

भोक आणखी बारीक केलं तर कड आणखी रेखीव होईल असं वाटतं, पण इतक्या अंतरावर तसं होत नाही. ४-५ मिलिमीटरच्या खाली गेलं की प्रकाश पसरायला लागतो, आणि चित्र इतकं मंद होतं की दिसेनासं होतं. सहाचं भोकही अंधार मागतंच. खिडक्यांना आम्ही घोंगड्या आणि खताची रिकामी पोती लावली, दाराला ताडपत्री, त्यात वीतभर झरोका. फळ्यावर पांढरा कार्डशीट.

आता काळजीची गोष्ट. आरशातला सूर्य हा खराच सूर्य आहे. भोक लहान असलं तरी त्या झोतात डोळा आला तर इजा थेट सूर्याकडे पाहिल्यासारखीच. म्हणून झोत चार फुटांवरून निघून भिंतीवर सहा-सात फुटांवर जाईल असा चढता ठेवला, मुलं खाली टाटपट्टीवर, आरशाकडे पाठ करून. दारापासून टाकीपर्यंत दोर बांधला. आत कुणी उभं राहायचं नाही, हा एकच नियम कडक होता. भोकातून सूर्याकडे पाहायचं नाही, हे तर खोक्यालाही लागू आहे. चित्र बघायचं, भोक नाही.

दुसरी अडचण घरची. त्या दिवशी मौनी अमावस्या, आदल्या रात्रीपासून वेध. गावात कुणी मुलांना बाहेर सोडेना. बाळूची आजी तर ग्रहणात अंगणातही येऊ देत नसे. मी तिच्याकडे गेले तेव्हा ती पाण्याच्या भांड्यांवर तुळशीची पानं ठेवत होती. बाळूनेच तिला समजावलं: "आजी, आम्ही अंधाऱ्या खोलीत बसणार. आरशातल्या सूर्याकडे पाठ. वर कुणीच बघणार नाही." आजी जरा विचारात पडली. म्हणाली, "पाठ करून बसणार असाल तर बसा. मोक्ष झाल्यावर आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल ठेवायचं नाही." एक आजी तयार झाली हे कळल्यावर बाकीच्या घरांतूनही मुलं आली. सगळी नाही, २९ आली.

पावणेबाराला भिंतीवरच्या सूर्याच्या कडेला बारीकसा खळगा पडला. पहिल्यांदा कुणालाच खात्री वाटेना. दहा मिनिटांत तो चावा झाला आणि वर्गात एकच गलका. वर्तमानपत्रातल्या आकृतीत चावा दुसऱ्या बाजूला होता, त्यावरून दोघांचं भांडण झालं. भोकातून चित्र उलटं पडतं आणि वर आरसाही त्याची बाजू बदलतो, हे मग समजावलं. दर दहा मिनिटांनी आम्ही कार्डशीटवर पेन्सिलने कड गिरवत होतो.

पण चित्र थांबत नव्हतं. सूर्य सरकतो तसा डागही सरकतो, दर दोन मिनिटांना जवळजवळ स्वतःच्या रुंदीइतका. हे आम्ही तालमीत पाहिलं होतं. म्हणून बाळूने आरसा काळ्या मातीच्या ओल्या गोळ्यात रोवला होता, बोटाने जरासा दाबला की वळतो. बारानंतर माती सुकून तडकायला लागली आणि आरसा कलला. तो तांब्यातून पाणी शिंपडून पुन्हा मळायचा आणि रोवायचा. आतून मुलं ओरडत, "डावीकडे! वर, थोडं वर!" आरशाच्या मागे बसून, मान खाली घालून, तो ते करत राहिला.

मध्याला, दीडच्या आसपास, चार इंचांच्या चकतीत दोन इंचांहून थोडी जास्त काळी पोकळी आली. खोलीत आवाज थांबला. मी मोजून लिहून घेतलं आणि मगच लक्षात आलं, की ज्याने हे सगळं जुळवलं त्याने अजून एकदाही पाहिलेलं नाही. मी दोराबाहेरून वळसा घालून टाकीकडे धावले. म्हटलं, "आरसा मी धरते, तू आत जा."

तो हलला नाही. टाकीमागच्या कडुनिंबाच्या सावलीकडे बघत होता. पानांच्या फटींतून जमिनीवर एरवी उन्हाचे गोल कवडसे पडतात ना, त्या प्रत्येक कवडशाची कोर झाली होती. शेकडो कोरी, सगळ्या एकाच दिशेला तोंड केलेल्या, वारा आला की हलणाऱ्या.

"बाई," तो म्हणाला, "या फटी तर कशाही आकाराच्या आहेत."

मग मी आतल्या मुलांना पाच-पाच करून बाहेर आणलं, खाली बघत, सूर्याकडे पाठ करून. बाळू आत गेला आणि ग्रहण सुटेपर्यंत कार्डशीटसमोर बसून कडा गिरवत राहिला. आरसा शेवटपर्यंत मी सांभाळला.