स्पंज किडनी आणि पुन्हा पुन्हा होणारा मुतखडा

ठाण्यात राहतो, तिसऱ्यांदा मुतखडा झालाय. सीटीत ‘मेड्युलरी स्पंज किडनी, नेफ्रोकॅल्सिनोसिस’ लिहिलंय. सगळे खडे एकदाच फोडून घेऊ का?

नका. स्पंज किडनीत लघवी गोळा करणाऱ्या बारीक नळ्या टोकाशी फुगलेल्या असतात. तिथे लघवी रेंगाळते, कॅल्शियम साचतं. सीटीतले पांढरे ठिपके बहुतेक तेच, त्यालाच नेफ्रोकॅल्सिनोसिस म्हणतात. त्यातला एखादा सुटून मूत्रवाहिनीत अडकला की कळ येते. काढायचा तो अडकलेला खडा. आत रुतलेले फोडून फारसं साधत नाही.

त्याऐवजी २४ तासांची लघवी तपासा. खडे होऊ न देणारं सायट्रेट त्यात कमी असेल तर डॉक्टर बहुधा पोटॅशियम सायट्रेट देतात. रक्तातलं कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन, बायकार्बोनेटही बघाच, कारण नेफ्रोकॅल्सिनोसिस इतर आजारांतही दिसतो. आपल्याकडे घाम खूप येतो, म्हणून पाणी इतकं प्या, की लघवी रोज २.५ लिटर होईल.