आरएनएस नॉर्मल आला, पण तो केला कसा?

"आईची डावी पापणी दुपारनंतर उतरते, जेवताना शेवटचे घास चावता येत नाहीत. सकाळी सगळं ठीक असतं. वाशीला आरएनएस केला, नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले टेन्शन असेल. आता पुढे काय?"

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. माझ्या बायकोला मायस्थेनिया ग्रेव्हिस, म्हणजे नसेचा संदेश स्नायूपर्यंत कमजोर पोचण्याचा आजार, आहे आणि तुमचं वाक्य न् वाक्य आमच्या घरात घडलेलं आहे. ठाणे स्टेशनवर इंडिकेटरकडे मान वर करून पाहता पाहता तिची पापणी हळूहळू खाली यायची आणि डोळे मिटून थोडं बसलं की परत वर जायची. तिचाही पहिला आरएनएस, म्हणजे नसेला विजेचे झटके देऊन स्नायूचा प्रतिसाद मोजण्याची तपासणी, नॉर्मल आला होता. त्या एका कागदामुळे आमचे कितीतरी महिने वाया गेले, म्हणून त्याच तपासणीबद्दल लिहितो.

नसेचं टोक स्नायूला जिथे भिडतं, तिथे नसेतून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं आणि समोरच्या स्नायूवरच्या रिसेप्टरना चिकटतं. पुरेसे रिसेप्टर उघडले की स्नायू आकसतो. एकामागून एक संदेश आले की दर वेळी सुटणारं अ‍ॅसिटिलकोलीन थोडं कमी होत जातं. हे निरोगी माणसातही होतं. समजा आकसायला १० इतका जोर लागतो. निरोगी माणसात पहिल्या संदेशाला ४० मिळतो, चौथ्याला ३०. घट झाली तरी काही बिघडत नाही. मायस्थेनियात शरीराच्याच अँटिबॉडी हे रिसेप्टर नष्ट करतात. मग पहिल्याला १२ मिळतो, चौथ्याला ९. पहिला घास नीट चावला जातो आणि पुढचे जड जातात ते यामुळे. विश्रांती घेतली की साठा भरतो, आकडा पुन्हा १०च्या वर जातो. (आकडे समजावण्यापुरते आहेत. खरं तर एका स्नायूत असंख्य तंतू असतात आणि त्यातले काही आधी गळतात, काही नंतर.)

आरएनएसमध्ये हीच घट पकडतात. नसेला सेकंदाला २-३ झटके देतात आणि पहिल्याच्या तुलनेत चौथा-पाचवा प्रतिसाद १० टक्क्यांहून जास्त घसरला तर तपासणी पॉझिटिव्ह धरतात.

आता आमचं काय झालं ते. तिला आधीच्या डॉक्टरांनी ट्रायल म्हणून पायरिडोस्टिग्मिन सुरू केलं होतं. हे औषध अ‍ॅसिटिलकोलीन तोडणारं एन्झाइम रोखतं, म्हणजे ९चा परत १२ करतं. तपासणीच्या दिवशी ती गोळी घेऊनच गेली, कारण अपॉइंटमेंट देताना कोणी काही विचारलंच नाही. खोलीत एसी इतका की तिचे हात गार पडले होते. थंडीतही ते एन्झाइम मंदावतं आणि घसरण झाकली जाते. (पापणीवर दोन मिनिटं बर्फ ठेवून ती उचलली जाते का बघतात, तेही याच कारणाने.) आणि तपासलं काय, तर फक्त करंगळीकडचा तळहाताचा स्नायू. त्रास पापणीला आणि जबड्याला, आणि तपासणी हाताची! मी तिथे विचारलं तर उत्तर मिळालं, "आमच्याकडे असंच करतात." रिपोर्टवर ना गोळीचा उल्लेख, ना हाताच्या तापमानाचा. याचा मला आजही संताप येतो.

दुसऱ्या ठिकाणी न्यूरोलॉजिस्टच्या सांगण्यावरून आदल्या रात्रीपासून १२ तास गोळी बंद ठेवली, हात गरम केले, चेहऱ्याचा आणि खांद्याचा स्नायू घेतला. एक मिनिट व्यायाम करवून नंतरही काही मिनिटं झटके देऊन पाहिले. चेहऱ्यात घसरण स्पष्ट दिसली.

म्हणून तुमचा रिपोर्ट काढा आणि त्यात कोणता स्नायू लिहिलाय ते बघा. फक्त हात असेल तर माझ्या मते तो नॉर्मल धरूच नका. न्यूरोलॉजिस्टना चेहऱ्याच्या आरएनएसबद्दल आणि रिसेप्टर अँटिबॉडीच्या रक्ततपासणीबद्दल विचारा. आजार फक्त डोळ्यांपुरता असेल तर ही रक्ततपासणी निम्म्या रुग्णांत निगेटिव्ह येऊ शकते. तरीही शंका उरली तर सिंगल फायबर ईएमजी, म्हणजे एकेका स्नायूतंतूची तपासणी, जास्त बारीक दोष पकडते. निदान झालं की थायमस ग्रंथीसाठी छातीचा सीटी होतोच. आई गोळी घेत असतील तर स्वतःहून बंद करू नका, विशेषतः त्यांना चावायला त्रास आहे म्हणून.

संध्याकाळी पापणीचा व्हिडिओ काढून ठेवा. ओपीडी सकाळची असते आणि तेव्हा आई ठणठणीत दिसणार. सर्दी-तापासाठी कोणी अझिथ्रोमायसिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन लिहून दिलं तर आधी हा संशय सांगा, या औषधांनी अशक्तपणा वाढू शकतो. आणि पाणी नाकातून यायला लागलं, आडवं झाल्यावर दम लागला किंवा एका श्वासात २०पर्यंत मोजता येईना, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट आयसीयू असलेलं हॉस्पिटल गाठा.