घरमालकांना आभारपत्र लिहिताना

भाड्याचे घर सोडताना घरमालकांना लिहिलेल्या आभारपत्रात अनामत रकमेचा विषय आणू नका; चाव्या परत केल्याची तारीख, मीटरचे आकडे आणि नवा पत्ता यांसाठी वेगळा ईमेल पाठवा, म्हणजे पैसे लवकर मिळावेत म्हणून आभार मानले आहेत, असे त्यांना वाटणार नाही. आपल्या सवयीने शेवटी 'काही चुकले असल्यास क्षमस्व' असे लिहावेसे वाटते, ते मात्र कटाक्षाने टाळा, कारण पुढे वाद झालाच तर ते वाक्य नुकसानीची कबुली म्हणून वाचले जाऊ शकते. 'सर्व मदतीबद्दल आभार' याऐवजी नेमका प्रसंग लिहा: 'ऐन परीक्षेत हीटर बंद पडला, तेव्हा आपण त्याच संध्याकाळी दुरुस्तीसाठी माणूस पाठवलात, म्हणून माझा अभ्यास थांबला नाही.' असे एक वाक्य मला पानभर विशेषणांपेक्षा मोलाचे वाटते.