‘निदान’ हा शब्द आधी गिळा

प्रश्न: जवळची मैत्रीण एमपीएससीत पुन्हा राहिली. फोन करून रडते, पण मी काही सुचवलं की ‘जाऊ दे’ म्हणते आणि फोन ठेवते. अशा वेळी नेमकं काय बोलू?

माझ्या मैत्रिणीचा शब्द ‘बरं, ठेवते’ हा होता. तीही स्पर्धा परीक्षेचीच, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायची. मुख्य परीक्षेच्या निकालात नाव नाही म्हणून तिनं रात्री अकराला फोन केला. मी पहिल्या दोन मिनिटांत तिला तीन गोष्टी ऐकवल्या: निदान पूर्व तरी निघाली, कट-ऑफच वर गेला त्याला तू काय करणार, आणि सोबत एखादी नोकरी बघ. तिन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. पुढचे चार दिवस तिचा फोन आला नाही.

नंतर तीच म्हणाली, ‘तू ‘निदान’ म्हणालीस तेव्हाच कळलं, की मी किती रडायचं ते तू ठरवून टाकलंयस.’ तेव्हापासून मी हा शब्द जिभेवर आला की गिळते. त्याच्याच पंगतीत ‘अगं पण’ आणि ‘तरी मी सांगत होते’ हे दोघे बसतात. ‘का’नं सुरू होणारे प्रश्नही तसेच. ‘का राहिलं?’ या प्रश्नात जाब विचारल्याचा सूर असतो. ‘काय झालं, सांग’ म्हटलं की माणूस सांगायला लागतो.

दुसऱ्या खेपेला तिनं फोन केला तो वडिलांशी भांडण झाल्यावर. गावी परत ये, आता पुरे, असं ते म्हणाले होते. या वेळी मी आधी नुसतं ‘हं’, ‘हो ना’ एवढंच म्हणत राहिले. आवाज मुद्दाम खाली आणि संथ ठेवला, कारण आपण घाईनं बोललो की समोरचीचा हुंदकाही वाढतो. मध्ये ती गप्प झाली तेव्हा मनात दहापर्यंत आकडे मोजले. ऐकायला सोपं वाटतं, पण फोनवर दहा आकडे फार लांब असतात. आठव्याला तीच बोलली, ‘बाबा चुकीचं बोलत नाहीत गं, तेच जास्त लागलं.’ मी मध्येच काही बोलले असते, तर हे वाक्य आलंच नसतं.

मग मी तिचंच बोलणं तिला परत दिलं: ‘म्हणजे रागापेक्षा, त्यांचं पटतंय याचा त्रास जास्त आहे?’ असं म्हणताना आपला अंदाज चुकला तरी बिघडत नाही. ‘नाही, तसं नाही’ म्हणून ती स्वतःच दुरुस्त करते.

विचारायचं ते यानंतर. हुंदके चालू असताना ‘तुला काय हवंय?’ विचारलं तर ‘माहीत नाही’ हेच उत्तर मिळतं, आणि वर उत्तर शोधायचं ओझं तिच्यावरच पडतं. श्वास जरा जाग्यावर आला की दोनच पर्याय द्या. मी विचारलं होतं, ‘आता मी नुसतं ऐकू, की बाबांशी काय बोलायचं ते दोघी मिळून बघू या?’ ती म्हणाली, ‘आज नुसतं ऐक.’ मग मी खरंच नुसतं ऐकलं. माझ्याकडे एक झकास तोडगा तयार होता, तो पोटात ठेवताना जीव गेला, ते सोडा. रविवारी तिनंच विचारलं, ‘तू असतीस तर बाबांना काय सांगितलं असतंस?’ तेव्हा एकच गोष्ट सांगितली: किती महिने आणि त्यानंतर काय, हे कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेव.

धीर देताना जे आपल्या हातात आहे तेवढंच बोला. ‘पुढच्या वेळी नक्की होईल’ हे तुम्हाला ठाऊक नाही आणि तिलाही माहीत आहे की तुम्हाला ठाऊक नाही. ‘मी बारापर्यंत जागी आहे, बोलायचं नसेल तरी फोन चालू ठेव’ हे मात्र तुम्ही पाळू शकता.

एका बाबतीत मात्र नुसतं ऐकून थांबू नका. ‘जगण्यात अर्थ नाही’ असं काही ती बोलली तर आडवळणानं जाऊ नका, ‘जीव द्यायचा विचार येतोय का?’ असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर तिला एकटं सोडू नका, घरातल्या किंवा रूमवरच्या कुणाला तरी तिच्याजवळ बसवा आणि दोघी मिळून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

आणि दुसऱ्या दिवशी ‘आता बरं वाटतंय का?’ असं विचारू नका, त्यावर ‘हो’ म्हणणं तिला भाग पडतं. मी ‘जेवलीस का?’ एवढंच पाठवलं होतं. उत्तर आलं, ‘मेसमध्ये आज पुन्हा दुधी.’