निवृत्तीला किती वर्षं, किती पुंजी?

वय ३८, ६० ला निवृत्त व्हायचंय. सध्या महिना ४०,००० खर्च होतो. किती साठवावे लागतील?

हातात २२ वर्षं आहेत आणि साधारण ४ कोटी ३२ लाख लागतील. वर्षाला ६ टक्के महागाई धरली तर तोवर खर्च ३.६ पट होतो, म्हणजे महिना १,४४,०००. वर्षाचे झाले १७.२८ लाख, त्याच्या २५ पट ही पुंजी. पहिल्या वर्षी ४ टक्के काढायचे आणि पुढे ती रक्कम महागाईप्रमाणे वाढवायची, तर पुंजी ३० वर्षं पुरावी, असा अमेरिकी बाजाराच्या जुन्या आकड्यांवरून निघालेला हा ठोकताळा आहे. घोळ बहुतेकदा इथे होतो: उद्दिष्ट आजच्या खर्चावर (१.२ कोटी) धरतात, पण परतावा महागाई वजा न करता मोजतात. निवृत्ती ५० व्या वर्षीच घेणार असाल तर २५ पट अपुरी पडेल, निदान ३० पट धरा.